गल्ल्यातली तूट आणि उघड्या तोंडाचा आठ

*काका, मी महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपावर रात्रपाळीला कॅशियर आहे. दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात माझ्या पाळीच्या हिशोबात ५,४३० रुपये कमी आले. तीनदा नोटा मोजल्या. फरकाला नऊने भाग गेला तर आकडे उलटे लिहिले गेलेले असतात, असं कुठेतरी पाहिलं होतं; पण भागही जात नाही. त्या रात्री डिझेलच्या नोझलवर नवीन पोरगा होता, आमच्याच गावाकडचा. मालक म्हणतात, अर्धे तू भर, अर्धे त्याच्या पगारातून कापतो. मला त्या पोराचाच संशय येतो, पण नाव घ्यायला जीव धजत नाही. गुपचूप सगळे मीच भरून मोकळा होऊ का? डिझेल त्या रात्री ९०.४५ होतं.*
*– एक वाचक, पारोळा तालुका*

भाऊ, पत्राच्या शेवटी डिझेलचा दर लिहिलास ते फार बरं केलंस. का ते सांगतो, पण त्याआधी माझी एक रात्र ऐक. तू ज्या खुर्चीत बसतोस तशाच खुर्चीत मीही बसलो आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. भुसावळच्या अलीकडे हायवेवरचा पंप, रात्री दहा ते सकाळी सहा अशी पाळी. थंडीचे दिवस होते. रावेर-सावद्याकडून केळीचे ट्रक भरून निघायचे आणि आमच्याकडे डिझेल घ्यायला थांबायचे. डिझेलच्या नोझलवर गोटू नावाचा पोरगा होता, त्याला लागून महिनाही झाला नव्हता. पहाटे साडेपाचला मी हिशोबाला बसलो. डिझेलच्या मीटरचं बंद रीडिंग, म्हणजे पाळी संपतानाचा लिटरचा आकडा, 362117. रजिस्टरात संध्याकाळच्या पाळीने लिहून ठेवलेलं, म्हणजे माझं सुरुवातीचं रीडिंग 361245. वजाबाकी ८७२ लिटर. दर तेव्हा ४२.३५. गुणाकार करून ३६,९२९ रुपये वीस पैसे. त्यातून उधारीच्या चिठ्ठ्या आणि कार्डाच्या मशीनवरचे पैसे वजा केले, की गल्ल्यात किती रोकड हवी ते येतं. तुलाही हे रोजचंच आहे. रोकड १,६९६ रुपये कमी आली.

मग सगळे करतात तेच मीही केलं. नोटा पुन्हा मोजल्या. शंभराच्या गड्डीत दहाची घुसली का, दोन नोटा चिकटल्या का, ड्रॉवरच्या मागे काही पडलं का, सगळं बघितलं. तिसऱ्यांदा मोजूनही आकडा तोच आला. इथे एक गोष्ट मला कळायला हवी होती. तीनदा मोजून तीनदा तोच आकडा येतो तेव्हा नोटा खरं बोलत असतात. चूक मग कागदावर असते, नाहीतर माल खरोखरच गेलेला असतो. चौथ्यांदा मोजण्यात काही अर्थ नसतो. पण मी चौथ्यांदाही मोजल्या, आणि त्यानंतर जे केलं ते आजही आठवतं. गोटूला केबिनमध्ये बोलावून खिसे उलटे करायला लावले. तीस रुपये निघाले, एसटीचं चुरगळलेलं तिकीट आणि दोन बिड्या. तो काही बोलला नाही. खिसे तसेच बाहेर लोंबत ठेवून नोझलवर परत गेला.

सहाला अजून थोडा वेळ होता. मला कॉमर्सच्या वर्गात एक गोष्ट शिकवली होती. फरक सापडत नसेल तर त्याचा निम्मा कर आणि तेवढ्या रकमेची नोंद शोध. वजा करायची रक्कम चुकून मिळवली गेली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट पडतो. १,६९६ चे निम्मे ८४८. मी उधारीच्या चिठ्ठ्या चाळायला घेतल्या आणि तिसरीच चिठ्ठी ८४७ रुपयांची निघाली. एका ट्रॅक्टरवाल्याने कॅनमध्ये नेलेलं डिझेल. मला वाटलं, सापडलं! सुट्ट्यापायी एक-दोन रुपये इकडेतिकडे होतातच. ती नोंद नीट तपासली, तर वजाच्या रकान्यात, वजाच केलेली. बेरीजही बरोबर. हाती काहीच लागलं नाही.

पण चिठ्ठी हातातच होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, "२० लि." वीस लिटरचे ८४७. म्हणजे माझी तूट जवळपास त्याच्या दुप्पट, चाळीस लिटरची. कॅलक्युलेटरवर १,६९६ ला ४२.३५ ने भागलं. ४०.०५ आलं. दोन रुपये सुट्ट्यात गेले असं धरलं तर नेमके ४० लिटर.

तोवर मी चूक रुपयांत शोधत होतो आणि ती झाली होती लिटरमध्ये. रीडिंग लिहिताना किंवा वाचताना एक आकडा चुकला की ती चूक दराने गुणली जाते आणि रुपयांत आल्यावर तिचा चेहरा ओळखू येत नाही. तुझी नऊची युक्तीही इथेच फसली. ती युक्ती खरी आहे. ८१ चे १८ झाले, ५२ चे २५ झाले, तर फरकाला नऊने भाग जातोच. पण तो भाग मूळ आकड्यातल्या फरकाला जातो. पंपावर तो मूळ आकडा मीटरचा असतो. म्हणून आधी रुपयांचे लिटर करायचे आणि मग त्या लिटरला नऊ लावून बघायचं. आणि लिटरलाही भाग गेला नाही तर एवढंच समजायचं, की आकड्यांची अदलाबदल झालेली नाही. एकच आकडा दुसराच वाचला गेला असेल, तर नऊ काही सांगू शकत नाही.

माझ्या चाळीसला नऊने भाग जात नव्हता. चाळीस म्हणजे दशकाच्या घरात चारचा फरक. मी रजिस्टर उघडून माझ्या सुरुवातीच्या रीडिंगमधल्या दशकाच्या आकड्याकडे पाहिलं. मला तो ४ दिसत होता. पण तो तसा का दिसत होता?

आमच्या संध्याकाळच्या पाळीला एक पोक्त गृहस्थ होते, त्यांना सगळे नाना म्हणत. नाना इंग्रजी आकडे लिहायचे. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतला, माझ्या डोळ्यात मराठी आकडे बसलेले. नानांची 8 लिहायची तऱ्हा अशी, की वरून सुरुवात करायची, खाली गाठ मारायची, वर यायचं आणि तोंड बंद न करताच पुढचा आकडा घ्यायचा. घाईत वरचं तोंड उघडं राहिलेला 8 म्हणजे आपला ४. अगदी हुबेहूब. तारीख मराठीत, रीडिंग इंग्रजीत, नावं मराठीत, अशी सरमिसळ त्या पानावर होती, त्यामुळे डोळ्याला काही खटकलंही नाही. मी 361285 चे 361245 वाचले आणि माझ्या पानावर तसेच उतरवून घेतले. माझ्या खात्यात चाळीस लिटरची विक्री जास्त धरली गेली, जी कधी झालीच नव्हती. ८७२ नव्हे, ८३२ लिटर. ३६,९२९ नव्हे, ३५,२३५. गल्ला बरोबर होता.

पण "मला वाटतं तो आठ असावा" असं म्हणून भागत नाही. मालक म्हणेल, तुझ्या सोयीचा आकडा वाचतोस. म्हणून मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, नानांचा 4 कसा असतो. त्याच पानावर त्यांचे तीन 4 होते, आणि तिन्हींना खुर्चीच्या पाठीसारखी उभी सरळ रेघ होती. त्या वादाच्या आकड्यात उभी रेघच नव्हती, तेव्हा तो त्यांच्या हातचा 4 असूच शकत नव्हता. दुसरी गोष्ट जास्त पक्की. नानांनी स्वतःची विक्री ७२५ लिटर लिहिली होती आणि त्यांचा हिशोब जुळलेला होता. त्यांचं सुरुवातीचं रीडिंग 360560. त्यात ७२५ मिळवले की 361285 येतात. 361245 धरलं असतं तर त्यांची विक्री ६८५ भरली असती आणि त्यांच्या गल्ल्यात १,६९४ रुपये जास्त निघाले असते. तसं काही झालं नव्हतं. सकाळी त्यांच्या घरी फोन लावला, पान उघडं ठेवून एकेक आकडा वाचला. नाना झोपेतून उठलेले, आधी चिडले, मग म्हणाले, "हाऊ आठ शे रे भाऊ, चार नही!"

आता तुझ्याकडे येतो. ५,४३० ला ९०.४५ ने भाग. मी भागलं. ६०.०३ आलं. साठ लिटरचे ५,४२७ होतात, वरचे तीन रुपये सुट्ट्याचे. पेट्रोलचा दर तू लिहिला नाहीस, त्यानेही भागून बघ. तिथेही पूर्ण संख्या आली तर दोन्ही नोझल तपासायला लागतील, पण तसं क्वचितच होतं. मला तरी तुझी तूट डिझेलची वाटते, आणि साठ लिटरची.

साठ म्हणजे दशकाच्या घरात सहाचा फरक. इंग्रजी आकड्यांत 1 आणि 7 हे त्याचे नेहमीचे गुन्हेगार. 1 ला वर नाक काढायची सवय असली आणि 7 अरुंद लिहिला, की दोन्ही एकच दिसतात. 0 आणि 6 चंही होतं, शेपूट आखूड राहिली तर. मराठीत लिहिणारा असेल तर १ आणि ९ ची जोडी सगळ्यात वाईट, पण त्यात फरक आठाचा पडतो. तुझी तूट ऐंशी लिटरची असती तर मी आधी तिकडे बघायला सांगितलं असतं.

तूट आहे, वाढावा नाही. त्यामुळे तुझं सुरुवातीचं रीडिंग खऱ्यापेक्षा कमी वाचलं गेलंय, नाहीतर बंद रीडिंग जास्त. या दोन्हींचा माग वेगवेगळा निघतो. सुरुवातीचं चुकलं असेल तर तुझ्या आधीच्या पाळीचं पान उघड आणि मी नानांच्या बाबतीत केलं तसं कर. त्यांचं सुरुवातीचं रीडिंग अधिक त्यांनी दाखवलेली विक्री, ही बेरीज तू लिहून घेतलेल्या आकड्याशी जुळते का? साठने जास्त आली, तर तुझं काम तिथेच झालं. बंद रीडिंग चुकलं असेल तर गोष्ट जरा नाजूक आहे. तुझाच चुकलेला आकडा घेऊन पुढची पाळी सुरू झाली असेल, तर त्यांच्या कागदावर विक्री साठ लिटर कमी दिसली असणार आणि गल्ल्यात सव्वापाच हजारांच्या वर रोकड जादा निघाली असणार. ती जादा रोकड त्यांनी दाखवली की नाही, हे पान उघडल्याशिवाय कळायचं नाही. आधी पान बघ, मग बोल.

दोन्ही रीडिंग खरी निघाली तर? तेही होऊ शकतं, आणि तुला खोटा दिलासा द्यायची माझी इच्छा नाही. साठ लिटर ही एका गाडीची किंवा दोन-तीन कॅनची नेहमीची मागणी आहे. कुणी भरून पैसे न देता गेला असेल, उधारीची चिठ्ठी फाडायची राहिली असेल, यूपीआयचा व्यवहार "होतोय, होतोय" करत अडकला असेल, किंवा पैसे घेऊन कुणी ठेवलेही असतील. हल्ली बऱ्याच पंपांवर ऑटोमेशन असतं आणि प्रत्येक विक्री वेळेसकट ऑफिसच्या संगणकात नोंदली जाते. तुमच्याकडे असेल तर मॅनेजरला त्या रात्रीचा रिपोर्ट काढायला सांग आणि डिझेलची साठ लिटरची एकच मोठी विक्री दिसते का पाहा. दिसली तर वेळ मिळेल, आणि त्या वेळेचा कॅमेरा बघता येईल. टाकीचा डिप घेऊन मात्र काही कळणार नाही. वीस हजार लिटरच्या टाकीत साठ लिटर म्हणजे काठीवर जेमतेम काही मिलिमीटर. आणखी एक राहिलं. पाच लिटरच्या मापात टेस्टिंग करून डिझेल टाकीत परत ओततात, ते मीटरवर चढतं पण विक्रीत धरायचं नसतं. कधी तूट नेमकी पाच किंवा दहा लिटरची आली, तर कुणी टेस्टिंग केलं आणि लिहायचं विसरलं का, हे सगळ्यात आधी विचार.

आता तुझे दोन प्रश्न. गुपचूप भरून मोकळं व्हायचं का, तर नको. भरलेस की तूट खरी ठरते. कागदावरचा चुकलेला आकडा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी मालकाला वाटतं, याने मागेही भरले होते, म्हणजे काहीतरी आहे. चूक रीडिंगची असेल तर मालकाचा एक रुपयाही गेलेला नाही. मग तू कशाचे भरणार आहेस? ५,४२७ रुपये कधी अस्तित्वातच नव्हते.

अर्धे-अर्धे कापायचं म्हणतोस, त्याबद्दल कायदा तुला थोडी जागा देतो. हाताळायला दिलेल्या पैशांची तूट पगारातून कापता येते, पण ती त्या माणसाच्या हलगर्जीपणाने किंवा चुकीने झालेली असली तरच. कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे होतंच, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण मालकाच्या टेबलासमोर उभं राहून कलमं सांगू नकोस. एवढंच म्हण, "शेठ, तूट बरोबर साठ लिटरची आहे. मला आदल्या आणि पुढच्या पाळीचं रजिस्टर अर्धा तास द्या, मग तुम्ही सांगाल तसं करू." "पैसे कमी आहेत" आणि "साठ लिटर कमी आहेत" यात मालकाच्या कानाला फार फरक पडतो. दुसरं वाक्य हिशोब कळणाऱ्या माणसाचं असतं.

राहिला तो पोरगा. तुझा संशय कशावर उभा आहे, ते तूच पत्रात लिहिलंस: तो नवीन होता. बाकी काही नाही. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, ते मला इथून दिसत नाही. पण रजिस्टर बघायच्या आधी त्याचं नाव घेऊ नकोस, आणि त्याच्याकडे बघायची नजरही बदलू नकोस. एवढ्याशा पंपावर ते लगेच कळतं.

आजपासून करायच्या गोष्टी थोड्याच. सुरुवातीचं रीडिंग रजिस्टरातून उतरवून घ्यायचं नाही. पाळी बदलताना दोघांनी मशीनसमोर उभं राहायचं, एकाने मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, आणि दोघांनी सही करायची. दोन मिनिटं लागतात. समोर ट्रकवाला हॉर्न मारत असला तरी ही दोन मिनिटं सोडायची नाहीत. रजिस्टरात एकाच लिपीचे आकडे ठेवा; मीटर इंग्रजी आकडे दाखवतं, तेव्हा इंग्रजीच बरे. 7 च्या कमरेला आडवी रेघ, 1 ला नाक नाही, 8 चं तोंड बंद. चुकलं तर आकड्यावर आकडा गिरवू नका. अख्खी संख्या एका रेघेने खोडा, शेजारी पुन्हा लिहा आणि सही करा. आमच्या पंपावर नंतर असंच सुरू झालं. नाना कुरकुरले, पण आठाचं तोंड बंद करायला लागले.

त्या सकाळी हिशोब जुळला तेव्हा दोन रुपये तरी कमीच होते. ते मी माझ्या खिशातून टाकले. मग बाहेर गेलो. गोटू पाळी संपवून सायकलचं कुलूप काढत होता. म्हटलं, सापडलं रे, नानांचा आठ होता. तो म्हणाला, "बरं झालं." चहा घेतोस का विचारलं, तर म्हणाला घरी जायचंय. पुढच्या पंधरवड्यात तो दुसऱ्या पंपावर लागला. तुझ्या त्या पोराचे खिसे अजून कुणी तपासले नसतील, तर तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त वेळ आहे. रजिस्टर आजच माग.